‘शॉर्ट वर्किंग’ची वसुली की वळती?

नौपाडकर : ठाण्यात मराठी माध्यमातून वाणिज्य शिकणाऱ्या मुलांसाठी टिपणे लिहीत आहे. ‘रॉयल्टी’ला स्वामित्वधन आणि ‘मिनिमम रेंट’ला किमान भाडे म्हणता येते, परंतु खाणीतून माल कमी निघाल्याने स्वामित्वधन किमान भाड्याहून जितके कमी पडते, त्या फरकाला म्हणजे ‘शॉर्ट वर्किंग’ला हाती आलेल्या एका टिपणात ‘लघुकार्य’ असे लिहिले आहे, आणि तो शब्द फळ्यावर लिहिताच वर्गात काय झाले असेल ते आपण ताडू शकता. तो फरक पुढच्या वर्षांच्या स्वामित्वधनातून भरून घेण्याला, म्हणजे ‘रिकूपमेंट’ला, तेथे ‘वसुली’ म्हटले आहे. दोन्ही शब्दांना पर्याय हवेत.

ऐरोलीकर : सरळ ‘तूट’ म्हणावे. किमान भाडे भरूनही माल कमी निघाला, तर तो पट्टेदाराचा तोटाच असतो आणि पुढे तो मालकाकडून वसूल होतो.

जुना हिशेबनीस : ‘तूट’ चालेल, पण तो लगेच तोटा होत नाही. समजा, किमान भाडे वर्षाला 60,000 रुपये, दर टनाला 10 रुपये आणि तूट पुढील दोन वर्षांत भरून घेण्याची करारात मुभा आहे. पहिल्या वर्षी 4,000 टन निघाले, म्हणजे स्वामित्वधन 40,000 आणि तूट 20,000. दुसऱ्या वर्षी 5,000 टन, तूट 10,000. तोवर हे 30,000 पट्टेदाराच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला उभे राहतात. तिसऱ्या वर्षी 8,000 टन निघाले आणि स्वामित्वधन 80,000 झाले, तेव्हा वरच्या 20,000 मधून पहिल्या वर्षाची तूट वळती होते आणि मालकाला 60,000च मिळतात. चौथ्या वर्षी 6,500 टन निघाले, तर 5,000 वळते होतात. दुसऱ्या वर्षाच्या तुटीतले उरलेले 5,000 मुदत संपल्यामुळे नफा-तोटा खात्यात जातात, आणि तोटा म्हणायचा तर तो येथे. मालक खिशातून एक पैही परत करत नाही, म्हणून ‘वसुली’ खटकते. आमच्या पेढीवर ‘वळती करून घेणे’ असेच म्हणत. करारात ‘पहिली तीन वर्षेच’ असे असते, तर दुसऱ्या वर्षाचे सगळे 10,000 तिसऱ्या वर्षअखेरीसच बुडाले असते.

वाशीकर : माझा मॉलमध्ये गाळा आहे. विक्रीवर टक्केवारी, पण दरमहा किमान भाडे ठरलेले. पावसाळ्यात कमी धंदा झाल्याने जे जास्त भरले, ते दिवाळीच्या महिन्यात वळते होईल ना?

जुना हिशेबनीस : आपल्या करारात तसे कलम असेल तरच. अशी मुभा आपोआप मिळत नाही. सरकारी खाणपट्ट्यावरही 1957च्या खाणी व खनिजे कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे स्वामित्वधन किंवा ‘डेड रेंट’ म्हणजे ठरलेले किमान भाडे यांपैकी जे जास्त ते भरावे लागते. मागची तूट पुढे ओढण्याची सोय त्या कलमात नाही.

ऐरोलीकर : तोट्याबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. पण मालकाच्या वहीत हीच रक्कम देण्याच्या बाजूला राहील आणि मुदत संपली की त्याचे उत्पन्न होईल. ज्याला पैसे जास्त मिळाले, त्याने आपल्या खात्याला ‘तूट’ म्हणावे हे कानाला बरे वाटत नाही.

नौपाडकर : ‘वळती’ घेतली. मालकाच्या बाजूला तूर्त ‘वळतीस पात्र रक्कम’ लिहितो. मुले काय म्हणतात ते सोमवारी कळेल.

जुना हिशेबनीस : शब्द लांब आहे, खातेवहीच्या मथळ्यात मावायचा नाही.