‘म्हणून’ आलं की वाक्य संयुक्त की मिश्र?

कोकणकडा : मुलीच्या सरावपत्रिकेत वाक्य होतं, ‘पाऊस थांबला म्हणून आम्ही निघालो.’ तिने मिश्र लिहिलं, तर चूक दिली. बरोबर उत्तर संयुक्त म्हणे. पण ‘आम्ही निघालो, कारण पाऊस थांबला’ हे मात्र मिश्र. ती विचारते, अर्थ तोच असताना प्रकार कसा बदलला? मला काही सांगता येईना.

बोरीबंदर : यात अडचण काय आहे? साधी माहिती दिली आहे, म्हणजे विधानार्थी वाक्य. प्रश्न नाही, उद्गार नाही.

कोकणकडा : ते अर्थावरून पडलेले प्रकार झाले. मी केवल, संयुक्त, मिश्र यांबद्दल विचारतेय.

पाटीपेन्सिल : सोपं आहे. उद्देश्यं मोजा. ‘पाऊस’ आणि ‘आम्ही’, म्हणजे दोन वाक्यं. मग जोडणारा शब्द बघा. आणि, किंवा, पण, म्हणून यांनी संयुक्त होतं. की, कारण, जर-तर, जो-तो यांनी मिश्र.

जुनीवही : पाटीपेन्सिल, ही यादी बहुतेक वेळा चालते, पण उद्देश्यं मोजू नका. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ यातही पाऊस आणि आम्ही दोघे आहेत, तरी वाक्य केवल. उलट ‘आई आणि बाबा गावाला गेले’ यात ‘आणि’ असूनही केवलच, कारण तो ‘आणि’ दोन शब्द जोडतो, दोन वाक्यं नाही.

मी मुलांना आधी क्रियापदांखाली रेघ मारायला सांगते, पण फक्त ज्यांच्यावर वाक्य संपवता येतं त्यांच्याखाली. ‘पाऊस थांबला.’ इथे संपलं. ‘पाऊस थांबल्यावर…’ इथे ऐकणारा वाट बघत राहतो. थांबून, थांबताना, थांबणारा यांचंही तेच, म्हणून त्यांना मोजायचं नाही. ‘बोलू लागला’, ‘देऊन टाकलं’ यांना मात्र एकच रेघ. एकच रेघ आली तर केवल. दोन आल्या तर प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीत लिहायचा आणि विचारायचं : एक तुकडा दुसऱ्यातल्या क्रियापदाला किंवा नामाला पडलेल्या काय, कोणता, कधी, का यांपैकी प्रश्नाचं उत्तर आहे का? असेल तर तो गौण, वाक्य मिश्र. दोन्ही आपापल्या पायांवर उभे असतील तर संयुक्त.

कोकणकडा : मग बघा. का निघालो? ‘पाऊस थांबला म्हणून.’ उत्तर मिळालं की! म्हणजे मुलीचं बरोबर?

जुनीवही : तिचा कान चांगला आहे. शाळेच्या व्याकरणात ‘म्हणून’ परिणाम सांगत असेल तर प्रधानत्वसूचक धरतात : आधी पाऊस थांबला, त्याचा परिणाम म्हणून निघणं. हेतू सांगत असेल तर गौणत्वसूचक. त्यासाठी ‘म्हणून’ काढून ‘त्यामुळे’ घाला. ‘पाऊस थांबला, त्यामुळे आम्ही निघालो’ जमतं, म्हणून संयुक्त. ‘पावसात भिजू नये म्हणून आम्ही आडोशाला थांबलो’ यात ‘भिजू नये, त्यामुळे थांबलो’ म्हणता येत नाही. हे मिश्र, आणि पहिला भाग क्रियाविशेषण वाक्य. परीक्षेत हेच लिहावं.

पण मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही. ‘आम्ही पाऊस थांबला म्हणून निघालो’ असं आपण सहज बोलतो. इथे ‘पाऊस थांबला म्हणून’ हा तुकडा दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसला आहे. बरोबरीचं वाक्य असं पोटात शिरत नाही. म्हणून या रचनेत तरी मी मिश्रच म्हणेन.

पाटीपेन्सिल : म्हणजे स्वल्पविराम कुठे पडतो त्यावर? ‘थांबला, म्हणून’ की ‘थांबला म्हणून,’?

जुनीवही : बोलताना कुठे थांबता त्यावर. स्वल्पविराम लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

बोरीबंदर : मी तहसील कचेरीत होतो, माझं सांगतो. आम्ही आयुष्यभर ‘सबब’ लिहिलं. ‘अर्जदाराने मुदतीत कागदपत्रे सादर केली नाहीत, सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ तोही तुमच्या ‘म्हणून’चाच भाऊ ना?

जुनीवही : यादीत दोघे शेजारी असतात, पण तुमच्या वाक्याने फरक छान दिसतो. का नामंजूर? ‘कागदपत्रे दिली नाहीत सबब’ असं उत्तर कोणी देत नाही. तुमचं ‘सबब’ पुढच्या वाक्याला चिकटतं. ‘म्हणून’ दोन्हीकडे जातं. तुमचं वाक्य निर्विवाद संयुक्त.

कोकणकडा : मुलीने आत्ताच आणखी एक काढलं. ‘पाऊस थांबेपर्यंत आम्ही थांबलो.’ ‘थांबे’खाली रेघ मारायची का?

जुनीवही : ‘थांबेपर्यंत’वर वाक्य संपत नाही, म्हणून शाळेत केवल. पण ‘पूर्वी इथे खूप पाऊस पडे’ यातला ‘पडे’ वाक्य संपवतो, आणि ‘थांबे’ दिसतो अगदी तसाच. तिथे माझी पेन्सिल अजून अडते.