40 रुग्ण आणि कॉक्रेनचा हिरा

> "इथे नागपुरातच झालेली 40 रुग्णांची ट्रायल हाताशी आहे, तीच सायटेशनला का पुरत नाही?"

वीस-वीसचे दोन गट धरा: औषधवाल्यांत 2 मृत्यू, दुसरीकडे 4. धोका निम्मा दिसतो, पण दोन्ही गटांतल्या धोक्याच्या गुणोत्तराचं 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा असण्याची शक्य पट्टी, साधारण 0.10 ते 2.4 येतं; 1 म्हणजे फरक नाही, म्हणून औषध तारकही असेल, मारकही.

कॉक्रेन, म्हणजे अनेक ट्रायल्स एकत्र तपासून रिव्ह्यू काढणारी संस्था; तिचा लोगो बघा नं. मुदतीआधीच्या बाळंतपणात आईला स्टेरॉइड देण्याच्या 7 ट्रायल्स आहेत त्या. बहुतेकांच्या आडव्या रेषा मधल्या, 'फरक नाही' दाखवणाऱ्या उभ्या रेषेला छेदतात, म्हणजे एकटीचा निकाल अधांतरी. एकत्र केल्यावर मात्र खालचा हिरा स्पष्ट डावीकडे: बाळं वाचतात.

म्हणून सायटेशनला असा रिव्ह्यू द्या, पण त्याआधी त्याची शोधतारीख, म्हणजे ट्रायल्स कधीपर्यंतच्या शोधल्यात ते, बघा. आतल्या सगळ्या ट्रायल्स छोट्या अन् एकाच बाजूला झुकलेल्या असतील, तर नकारात्मक निकाल छापलेच गेले नसावेत.