लिस्टेड गिऱ्हाईक ‘११०० कोटींची कंपनी’ सांगतंय, विक्री ६४ कोटी. उधारी देताना कुठला आकडा धरायचा?

वसई_बॉक्सवाला:
नमस्कार. वसईला आमचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना आहे. अंधेरीतल्या एका लिस्टेड कंपनीची महिना १२ लाखांची ऑर्डर येतेय, पण ९० दिवसांची उधारी मागतायत. त्यांचा परचेसवाला म्हणाला, “११०० कोटींची कंपनी आहे, पैशाची काळजी करू नका.” सीएकडून आकडे काढले तर वर्षाची विक्री ६४ कोटी. मग ११०० कोटी आले कुठून? माल द्यावा का?

नाना_गिरगाव:
अहो, ते मार्केट कॅप. शेअरचा भाव गुणिले शेअर्स, निव्वळ हवा! खरा आकडा विक्रीचा. कंपनी केवढी हे फक्त विक्रीवरून ठरवावं.

अनुजा_फोर्ट:
नाना, उधारीपुरतं तुमचं बरोबर आहे, पण ‘फक्त विक्री’ हे पटत नाही. २०२३-२४ मध्ये इंडियन ऑइलची विक्री साधारण ८.६६ लाख कोटी होती आणि टीसीएसची २.४१ लाख कोटी. त्या मार्चअखेर बाजारमूल्य मात्र टीसीएसचं १४ लाख कोटींच्या आसपास आणि इंडियन ऑइलचं अडीच लाख कोटींच्याही खाली. तेल कंपनीच्या विक्रीत कच्च्या तेलाची किंमत असते, वर एक्साइजही. ते पैसे येतात तसे निघून जातात, आणि तेल महागलं की एक लिटर जास्त न विकताही विक्री फुगते. बाजार भाव देतो तो पुढे मालकांच्या हाती काय उरेल त्याला. म्हणून विक्रीवर लावलेल्या याद्यांत तेल कंपन्या वर दिसतात आणि ‘सर्वांत मूल्यवान कंपनी’ म्हणताना दुसरीच नावं येतात.

बॉक्सवाले दादा, तुमच्या कंपनीचे शेअर्स किती, भाव काय, रोज किती शेअर्स फिरतात?

वसई_बॉक्सवाला:
ताई, २ कोटी २० लाख शेअर्स, भाव ५०० च्या आसपास. प्रवर्तकांकडे ७४ टक्के. रोज चारेक हजार शेअर्सची उलाढाल. आठ महिन्यांपूर्वी भाव २५० होता.

अनुजा_फोर्ट:
म्हणजे दिवसाला वीस लाखांचा सौदा होतो आणि त्या भावाने सगळ्या शेअर्सची किंमत ११०० कोटी धरली जाते. आठ महिन्यांपूर्वी हीच कंपनी ‘५५० कोटींची’ होती. तेवढ्यात कारखाना दुप्पट झाला का? भाव वाढल्याने कंपनीच्या बँक खात्यात रुपयाही येत नाही, नवे शेअर्स विकले तरच येतो. तुमचं बिल त्या ६४ कोटींतूनच भागणार.

आता ताळेबंद बघा. वर्षाची खरेदी किती, पुरवठादारांचं देणं किती?

स्मिता_डोंबिवली:
माझी एसआयपी स्मॉल कॅप फंडात आहे. विक्री कमी असलेल्या कंपन्या म्हणजेच स्मॉल कॅप ना? काढून घेऊ का?

अनुजा_फोर्ट:
नाही हो स्मिताताई. फंडांसाठी सेबीने वर्गवारी बाजारमूल्यावर लावली आहे. पहिल्या १०० लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढे स्मॉल. ॲम्फी दर सहा महिन्यांनी सरासरी काढून यादी नव्याने लावते. तिथे विक्रीचा संबंध नाही. उलट दादांच्या उद्यम नोंदणीतलं ‘लघु’ उलाढाल आणि गुंतवणुकीवर ठरतं, तिथे शेअरच्या भावाला कोण विचारतो! एसआयपीचा प्रश्न वेगळ्या धाग्यात टाका, इथे हरवेल.

वसई_बॉक्सवाला:
खरेदी ४० कोटी, देणं १५ कोटी.

अनुजा_फोर्ट:
१५ भागिले ४० गुणिले ३६५, म्हणजे साधारण १३७ दिवस. तोंडी ९० सांगतायत, सरासरीने देतायत साडेचार महिन्यांनी. हा मार्चअखेरचा एका दिवसाचा आकडा आहे, त्या सुमारास खरेदी वाढली असेल तर थोडा फुगतो. म्हणून सप्टेंबरचा ताळेबंदही बघा, सहामाही निकालासोबत तो एक्स्चेंजच्या साइटवर असतो. आणि वार्षिक अहवालात देण्यांचा वयवार तक्ता शोधा. एमएसएमईंची थकबाकी त्यात वेगळ्या ओळीत असते.

नाना_गिरगाव:
अनुजाताई, तेलाचं मान्य. पण विक्री निदान बिलांवर असते, भावाचं काय, दोघांनी ठरवून चढवला तरी चढतो.

अनुजा_फोर्ट:
बिलंही आपसात फिरवली जातात, नाना. म्हणून मी विक्रीच्या शेजारी येणी बघते. विक्री ६४ कोटींची आणि येणी ४० कोटींची असतील, तर माल गेला पण पैसा आला नाही.

वसई_बॉक्सवाला:
तक्ता सापडला. एमएसएमईंचं देणं ४ कोटी, त्यात ९० लाख एक ते दोन वर्षांच्या रकान्यात. येणी २६ कोटी. आमच्यासारख्यांना तर कायद्याने ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत.

अनुजा_फोर्ट:
ते ९० लाख वादातले आहेत का बघा, वादातली देणी त्याच तक्त्यात वेगळी दाखवतात. तसं नसेल तर मी उधारी देणार नाही.

नाना_गिरगाव:
मी म्हणतो निम्मे आगाऊ घ्या आणि एक महिना माल देऊन बघा. महिना १२ लाख सोडवतात का?

वसई_बॉक्सवाला:
वादातल्या ओळीत शून्य आहे. सोमवारी परचेसवाल्याला भेटतोय, निम्मे आगाऊ आणि उरलेले ४५ दिवसांत असं मागतो. काय म्हणतो ते इथे लिहीन.