सहा आठवडे उरले आणि पोर्शन डोंगराएवढा: उलटं वेळापत्रक कुणी केलंय?

शाहूपुरीची मावशी: भाचा बारावी सायन्सला. काल म्हणाला, "मावशी, 42 दिवस राहिलेत आणि 18 धडे हातही न लावलेले." लेकीच्या वेळचं आठवलं. तेव्हा आम्ही पेपरच्या तारखेपासून मागं मोजलं होतं, तसंच याचं मांडलं. शेवटचे 6 दिवस फक्त उजळणी. त्याआधी 10 दिवस पूर्ण पेपर, एक दिवस तीन तास बसून सोडवायचा, दुसऱ्या दिवशी तपासायचा. प्रॅक्टिकल आणि जर्नलला 4. आजारपण, पाहुणे यांना 3 मोकळे. उरले 19. तुम्ही कसं केलंत?

भावा_गणितवाला: 19 दिवस, 18 धडे. रोज एक. मिटलं की!

निवृत्त_फिजिक्स: नाही मिटलं. रोटेशनल डायनॅमिक्स एका दिवसात डेरिव्हेशन आणि गणितांसकट होत नाही. असे 4 जड धडे दोन-दोन दिवसांचे धरा, बाकी 14 एकेक. झाले 22. तीन दिवस कमी पडतात, ते कुठून काढायचे हे आजच ठरवा. मी 6 हलक्या धड्यांना अर्धाच दिवस देतो: व्याख्या, सूत्रं, स्वाध्यायातले एमसीक्यू. लांब डेरिव्हेशन सोडायची.

भावा_गणितवाला: मग ते सहा सोडूनच द्या ना सर. ऑप्शन भरपूर असतात.

निवृत्त_फिजिक्स: ऑप्शन मोठ्या प्रश्नांना. फिजिक्सला तीन मार्कांचे 12 पैकी 8, चार मार्कांचे 5 पैकी 3. पण सेक्शन ए चे 18 मार्क सक्तीचे, आणि ते कुठल्याही धड्यातून येतात. म्हणून अर्धा दिवस तरी हवाच.

कळंब्याची_पोर: मी एमपीएससीवाली, आमची तारीखच पुढं जाते, मागं कुठनं मोजू 😭 बिंदू चौकाजवळ रात्री उघडी अभ्यासिका सांगा कुणीतरी

रंकाळा_सायंकाळ: आमच्या पोराचं पहिल्याच आठवड्यात दोन दिवस मागं पडलं. त्यानं पेपर सोडवायच्या दिवसांतून ते कापले. नंतर कळलं, येत असलेली गणितंसुद्धा वेळेत उतरत नव्हती. तीन तास हात चालवायची सवयच नव्हती. मागं पडलं तर धड्यांचे दिवस कमी करा, पेपरचे दिवस राखा.

आई_दोन_मुलांची: पण सगळे पेपर शेवटी का? माझी दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी झालेल्या धड्यांवर पेपर देते. काय येत नाही ते लवकर दिसतं.

निवृत्त_फिजिक्स: अर्धवट पोर्शनवर मुलं खचतात हो.

आई_दोन_मुलांची: माझी नाही खचली. मुलामुलावर असतं.

शाहूपुरीची मावशी: सर, इंग्रजी-मराठीला एकही दिवस धरला नाही आम्ही! आणि पहिला पेपर इंग्रजीचाच असतो.

निवृत्त_फिजिक्स: मग 19 चे 17 धरा. अर्ध्या दिवसाचे धडे 6 चे 10 करा, चारांचे दोन दिवस वाचतात. कुठले चार, ते भाच्यालाच ठरवू दे.

कळंब्याची_पोर: अभ्यासिका राहिलीच माझी 🙏