संडासचा रिपोर्ट क्लिअर, पण मुलगा रात्री शीची जागा खाजवत उठतो. जंत असू शकतात का?

मनीषनगरची_आई
नमस्कार. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, बालवाडीत जातो. दिवसभर एकदम ठीक असतो. रात्री झोप लागून दीड-दोन तास झाले की चुळबुळ सुरू होते, झोपेतच चड्डीत हात घालून खाजवतो, कधी रडत उठतो. "आई, टोचून राहिलं" एवढंच सांगतो. सकाळी विचारलं तर त्याला काही आठवत नाही. जागा जराशी लाल आहे, नखांचे ओरखडे दिसतात, पुरळ नाही. शी रोज होते, कडक नाही. ताप नाही, खाणंपिणं नेहमीसारखं.

डॉक्टरांनी संडास तपासायला सांगितली होती. रिपोर्टमध्ये जंत नाही, अंडी नाही. म्हणून मलम दिलं. मलमाने लाली कमी झाली, रात्रीचं मात्र जसंच्या तसं. सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणताहेत की जंतच आहेत, कारण तो झोपेत दात खातो. रिपोर्ट क्लिअर असताना जंत असू शकतात का, आणि असतील तर ओळखायचे कसे? धंतोली किंवा वर्धा रोडकडचे कोणी बालरोगतज्ज्ञ माहीत असतील तर तेही सांगा.

इतवारीचे_काका
जंतच आहेत, शंभर टक्के. दात खाणे हे पक्कं लक्षण. गोड बंद करा, चॉकलेट, बिस्किट, सगळं. गोडावरच पोसले जातात ते. वावडिंगाचं पाणी द्या. रिपोर्टबिपोर्टच्या नादी लागू नका.

खामला_रोहिणी
अगदी सेम माझ्या मुलाचं होतं! शी करताना रडायचा, कागदावर रक्ताची रेघ यायची. बद्धकोष्ठामुळे चीर पडली होती. रोज पपई आणि भरपूर पाणी सुरू केलं, डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, महिनाभरात बरा झाला. तुम्हीही पपई सुरू करा.

मनीषनगरची_आई
रोहिणीताई, धन्यवाद, पण याला शी करताना काहीच त्रास नाही हो. त्रास फक्त झोपेत आहे.

स्लाइडवाली
ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळ्यात कामाची गोष्ट वेळ आहे. दिवसा काही नाही आणि झोपल्यावर दीड-दोन तासांनी खाज, हे सुतासारख्या बारीक जंतांचं वागणं आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे रिपोर्टचं आधी सांगते. तुमचा रिपोर्ट चुकलेला नसावा, तपासणीच या जंतासाठी कामाची नाही. बाकीचे जंत आतड्यात अंडी घालतात, ती संडासात मिसळून येतात आणि आम्हाला दिसतात. या जंताची मादी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहते आणि अंडी घालायची वेळ आली की रात्री, मूल शांत झोपलेलं असताना, खाली सरकत बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर चिकट अंडी घालते. खाज त्याचीच. म्हणजे अंडी संडासात नसतातच म्हणा ना, ती कातडीवर असतात. संडासच्या डबीत ती सापडणं हा नशिबाचा भाग.

तेव्हा शोधायचं कातडीवरच. एक उपाय फुकट आहे. तो झोपून दोन-तीन तास झाले की, किंवा खाजवायला लागला की लगेच, मोबाइलचा टॉर्च घेऊन दोन्ही बाजू हलकेच फाकवून बघा. पांढरा, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा, साधारण एक सेंटिमीटर लांब, एक टोक टोकदार. मुख्य खूण म्हणजे तो हलतो. चादरीचा, चड्डीचा धागा हलत नाही. एका रात्री दिसलं नाही तर नाहीत असं समजू नका, रोज रात्री बाहेर येतातच असं नाही.

दुसरा उपाय सेलोटेपचा. सकाळी उठल्याबरोबर, शी-आंघोळीच्या आधी, धुण्याच्याही आधी. पारदर्शक टेप घ्या, दुधी रंगाची नको, तिच्यातून मायक्रोस्कोपखाली नीट दिसत नाही. चमच्याच्या दांड्यावर चिकट बाजू बाहेर करून टेप गुंडाळा आणि गुदद्वाराच्या कडेच्या सुरकुत्यांवर सगळीकडून दाबा. मग ती टेप चिकट बाजूने स्लाइडवर चिकटवून लॅबमध्ये द्या. एका सकाळी केलं तर साधारण निम्म्या मुलांत सापडतं, लागोपाठ तीन सकाळी केलं तर दहापैकी नवात. म्हणून तीन स्लाइड. आदल्या रात्री मलम, तेल, पावडर काही लावू नका, टेप चिकटत नाही. तुम्ही मलम लावताय, म्हणून मुद्दाम सांगितलं. हे झाल्यावर हात आणि चमचा साबणाने नीट धुवा.

लॅबला आधी फोन करून विचारा. काउंटरवरच्या पोराला "सेलोटेप टेस्ट" माहीत नसेल तर आतल्या टेक्निशियनशी बोलायचं आहे म्हणा.

काका, राग मानू नका. दात खाण्यावरून जंत ओळखता येत नाहीत, जंत नसलेली कितीतरी मुलं दात खातात. आणि गोड खाल्ल्याने हे जंत होत नाहीत, अंडी तोंडात गेल्याने होतात.

इतवारीचे_काका
बरं बाप्पा. पण माझं निदान तर बरोबरच निघालं ना!

नंदनवन_पालक
शाळेत-अंगणवाडीत फेब्रुवारीत जंताची गोळी देतात ना? आमच्या पोरीला दिली होती. ती घेतली असेल तर जंत होऊच शकत नाहीत.

स्लाइडवाली
ती मोहीम मुख्यतः मातीतून येणाऱ्या मोठ्या जंतांसाठी आहे. गोळी तीच, अल्बेंडाझोल, आणि त्या दिवशी पोटात असलेले हे बारीक जंतही ती मारते. पण अंडी तिने मरत नाहीत. नखात, चादरीवर, शेजारी झोपणाऱ्या भावंडाकडे अंडी शिल्लक असतात आणि ती पुन्हा तोंडात जातात. कातडीवर घातलेलं अंडं चार-सहा तासांत लागण करण्याजोगं होतं, म्हणजे रात्री खाजवलं आणि सकाळी तोच हात तोंडात घातला की चक्र सुरू. फेब्रुवारीची गोळी जूनपर्यंत राखण करत नाही.

महालची_मंजिरी
मुलगी असलेल्यांसाठी लिहिते. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला खाज मागे नाही, पुढे होती. लघवी करताना आग, रात्री अंथरूण ओलं होणं, जे आधी पूर्ण थांबलं होतं. लघवीची तपासणी दरवेळी नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं की रात्री खाजवते का. हेच जंत पुढच्या बाजूला सरकून त्रास देत होते. आम्हाला घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी गोळी दिली, ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांनाही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीच. माझी नणंद तेव्हा गरोदर होती, तिला दिली नाही.

मनीषनगरची_आई
मलम बंद करून बघितलं. पहिल्या रात्री टॉर्च मारला तर पांढरा दोरा दिसला आणि मी घाबरलेच. मग आठवलं, हलतो का बघायचं. कापसाने उचलून ठेवला, ढिम्म हलला नाही. गोधडीचा धागा होता. नंतरच्या रात्रीही काही दिसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, कशाला पोराची झोप मोडते?

मग टेप केली. जवळच्या लॅबने "असं काही आम्ही घेत नाही" म्हटलं, दुसऱ्या लॅबने घेतलं. पहिली स्लाइड कोरी. दुसरीत अंडी. तिसरी द्यायची गरजच पडली नाही. एवढ्याशा पट्टीवर ते सापडतं, मला अजून खरं वाटत नाही. वर्धा रोडच्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्याला आणि आम्हा तिघा मोठ्यांना अल्बेंडाझोल दिलं, दोन आठवड्यांनी परत.

पण घरात दहा महिन्यांची धाकटी आहे, तिच्याच शेजारी हा झोपतो. तिला औषध नको, नुसतं लक्ष ठेवा म्हणाले. ती तर दिसेल ते तोंडात घालते. तिचं काय करू?

स्लाइडवाली
लहान बाळाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, त्यात मी पडणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना ही गोळी सहसा देत नाहीत. तोवर दोघांना वेगळं झोपवा. मुलाची नखं बारीक कापा, रात्री अंगाला बसणारी चड्डी घाला आणि सकाळी उठल्याबरोबर शीची जागा धुवून त्याची आंघोळ घाला. रात्री घातलेली अंडी त्याने निघून जातात, संध्याकाळच्या आंघोळीने हे काम होत नाही. चादर झटकू नका, गुंडाळून गरम पाण्यात टाका. दमट, थंड खोलीत अंडी जास्त टिकतात, दोन-तीन आठवडेही, म्हणून कूलरच्या खोलीतली पांघरुणं आधी धुवा आणि नागपूरच्या उन्हात वाळवा.

आणि दोन आठवड्यांनीच दुसरी गोळी का, तेही सांगते. पहिल्या गोळीच्या वेळी जी अंडी गिळलेली होती किंवा नंतर गिळली गेली, ती गोळीतून वाचतात. दोन आठवड्यांत त्यातून जंत निघालेले असतात, पण त्यांनी पुन्हा अंडी घालण्याआधी दुसरी गोळी त्यांना गाठते. खूप उशीर झाला तर नवी पिढी अंडी घालून मोकळी होते.

मनीषनगरची_आई
पहिली गोळी होऊन चार रात्री झाल्या, आज पुन्हा खाजवत होता. गोळी लागू पडली नाही का?

स्लाइडवाली
इतक्यात तसं म्हणता येत नाही. खाजवून कातडी सोलवटलेली असते, ती काही दिवस चुरचुरते. जुनी अंडीही असतात. दुसऱ्या गोळीनंतरही झोपेतच खाज आली तर पुन्हा टेप करा. अंडी दिसली तर बहुतेक घरातूनच परत लागण होतेय, गोळीला दोष नाही. अंडी नसतील तर कारण वेगळं शोधायला डॉक्टरांकडे जा.

जरीपटका_बाबा
माझ्या तीन वर्षांच्या मुलालाही तिथे खाज आहे. दिवसाही असते. गुदद्वाराभोवती लालभडक गोल चकती आहे, कडा एकदम स्पष्ट, आणि शी करताना रडतो. घरी अल्बेंडाझोल पडलेलं आहे, देऊन टाकू का?

स्लाइडवाली
नका देऊ. स्पष्ट कडांचा लालभडक पट्टा आणि शी करताना दुखणं, हे जंतांसारखं वाटत नाही. लहान मुलांना त्या जागी जिवाणूंची लागण होते, तेव्हा असं दिसतं. तिला अँटिबायोटिक लागतं, जंताच्या गोळीने ती जात नाही. उद्याच दाखवा, आणि जमलं तर फोटो काढून न्या, कारण क्लिनिकमध्ये मुलं चड्डी काढू देत नाहीत.

इतवारीचे_काका
आमच्या घरी कुत्रा आहे, नातू त्याच्याशी खेळतो. त्यालाही गोळी देऊ का?

स्लाइडवाली
कुत्र्याला हे जंत होत नाहीत, काका. हे फक्त माणसाचे. कुत्र्याला त्याच्या जंतांचं औषध द्यायचं असेल तर जनावरांच्या डॉक्टरला विचारा.

इतवारीचे_काका
म्हणजे नातवाचाच नंबर. चार वर्षांचा आहे. उद्या सकाळी सूनबाईला टेप आणून देतो, दुधी नको म्हणालीस ना?