दसऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये नाना कमी, पंखा जास्त

देशपांडेकाका (ए-१०१): कालपासून तीनदा ऐकलं. नाना विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात आणि हॉलचा पंखा मात्र अगदी कानाशी. कॉलरला लावायचा माइक घेतला होता ना? उत्सव निधीतून ८५० रुपये गेलेत. पावती ग्रुपवर टाकावी.

समीर (सी-३०४): काका, माइक नानांच्या सदऱ्यालाच होता, तुम्ही समोरच बसला होतात. बाबांच्या जुन्या फोनला जोडला, वर हेडफोनचं चिन्हही आलं. अजून काय बघायला हवं होतं?

प्रज्ञावहिनी, सेक्रेटरी (बी-२०२): झालं ते झालं. पण रविवारी असं चालणार नाही. मालतीकाकू ८८ वर्षांच्या आहेत. ओव्या म्हणायला कशाबशा तयार झाल्यात आणि पुढच्या आठवड्यात त्या नागपूरला लेकीकडे कायमच्या जाताहेत.

कदम (बी-४०१): ओव्यांचं होईल हो. टाकीजवळच्या स्कूटरचं काय?

अनघाताई (सी-१०३): समीर, माइकच्या पिनेचा जवळून फोटो टाक. फक्त पिनेचा.

समीर (सी-३०४): (फोटो)

अनघाताई (सी-१०३): पिनेवर दोनच काळ्या रेघा आहेत, म्हणजे धातूचे तीन भाग. ही कॅमेऱ्याची पिन. फोनच्या माइकला तीन रेघा आणि चार भाग लागतात. जुन्या हँड्सफ्रीची पिन शेजारी धरून बघ.

फोनच्या भोकात सगळ्यात बाहेरच्या बाजूला माइकचा संपर्क असतो आणि त्याच्या आत अर्थिंगचा. तुझ्या पिनेचा बुंधा लांब आहे, तो या दोघांनाही एकदम टेकतो. म्हणजे माइकची वाट अर्थिंगला जोडली गेली. फोनने ओळखलं की नुसता हेडफोन आलाय, माइक नाही. म्हणून चिन्ह आलं आणि आवाज फोनच्या स्वतःच्या माइकने घेतला. फोन टेबलावर पंख्याखाली होता, म्हणून पंखा ऐकू येतो. माइक बिघडलेला नाही.

देशपांडेकाका (ए-१०१): म्हणजे माइक चुकीचा आणला. पावती?

समीर (सी-३०४): दुकानदाराने "मोबाइलला चालतो" सांगितलं होतं काका. आणि मी रविवारी माझाच फोन वापरणार आहे, बाबांच्या फोनची बॅटरी पाऊण तासही टिकत नाही. माझ्या फोनला गोल भोक नाही, म्हणून टाइप-सीचं १५० रुपयांचं कन्व्हर्टरही आणलंय. स्वतःच्या पैशाने.

शिर्केकाका (ए-३०३): ब्लूटूथ इयरफोन लावा काकूंच्या कानात, एवढी भानगडच नको.

अनघाताई (सी-१०३): शिर्केकाका, ब्लूटूथचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा आवाज फोनकॉलच्या दर्जाचा होतो. ओवीतला हेल त्यात दबून जाईल.

समीर, टाइप-सीची कन्व्हर्टरं दिसायला सारखीच असतात, आत मात्र फरक असतो. काहींत नुसत्या तारा असतात. ती फक्त अशा फोनवर चालतात जो त्या भोकातून साधा आवाज देतो-घेतो, आणि बरेच फोन तसं करत नाहीत. काहींत चिप असते, पण ती फक्त ऐकण्याची. आपल्याला माइक घेणारी चिप हवी. तुझ्या लॅपटॉपला टाइप-सी आहे ना? कन्व्हर्टर त्याला लाव आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये Output आणि Input या दोन्ही याद्यांत नवं नाव येतं का बघ.

शिर्केकाका (ए-३०३): ब्लूटूथ सोपं.

समीर (सी-३०४): कुठेच नाव आलं नाही ताई. काढलं, परत लावलं. जैसे थे.

अनघाताई (सी-१०३): मग आत नुसत्या ताराच असणार. बदलून घे. दुकानात जाताना तुझा फोन आणि माइकवाली जुनी हँड्सफ्री ने, आणि तिथेच रेकॉर्ड करून बघ. पाकिटावर हेडफोनचं चित्र असलं म्हणून माइक चालतो असं नाही.

कदम (बी-४०१): स्कूटर अजून तिथेच आहे. पाण्याचा टँकर वळत नाही.

प्रज्ञावहिनी, सेक्रेटरी (बी-२०२): कदमसाहेब, वॉचमनला सांगितलंय. अनघाताई, तीन भागांच्या पिनेचं काय करायचं? माझ्याकडे ऑफिसच्या मीटिंगची दोन तोंडांची वायर आहे, चालेल?

अनघाताई (सी-१०३): वहिनी, दोन तोंडं म्हणजे दोन भोकं की दोन पिना?

प्रज्ञावहिनी, सेक्रेटरी (बी-२०२): दोन भोकं. एकावर माइकचं चित्र, एकावर हेडफोनचं. दुसऱ्या टोकाला एक पिन, तीन रेघांची.

अनघाताई (सी-१०३): अगदी हीच हवी! उलटी असती, म्हणजे एक भोक आणि दोन पिना, तर ती कॉम्प्युटरची, इथे उपयोग शून्य. माइकची पिन माइकच्या चित्रात, ही वायर कन्व्हर्टरमध्ये, कन्व्हर्टर फोनमध्ये. फोनचं जाड कव्हर काढ समीर, नाहीतर पिन पूर्ण बसत नाही. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये OTG असेल तर ते चालू कर. काही फोनवर वापर नसला की ते आपोआप बंद होतं, म्हणून काकू बसल्यावर परत बघायचं.

देशपांडेकाका (ए-१०१): नवीन कन्व्हर्टरचीही पावती लागेल. आणि ८५० ची राहिलीच आहे.

समीर (सी-३०४): नवीन कन्व्हर्टर आणलं, ४०० रुपये. लॅपटॉपवर दोन्ही याद्यांत नाव आलं. सगळं जोडून रेकॉर्ड केलं, पण रेकॉर्डिंग मुकं आहे. काहीच ऐकू येत नाही. आता मात्र डोकं चालत नाही माझं.

शिर्केकाका (ए-३०३): मी म्हटलंच होतं, ब्लूटूथ.

अनघाताई (सी-१०३): समीर, घाबरू नकोस. वायर काढून तीच फाइल परत लाव.

समीर (सी-३०४): अरे, आहे आवाज!

अनघाताई (सी-१०३): वायर लावलेली असताना फोन आवाज हेडफोनच्या भोकातून पाठवतो, स्पीकर गप्प राहतो. आता खरी परीक्षा. रेकॉर्डिंग चालू कर. आधी माइकची जाळी नखाने हलकेच घास, मग फोनच्या खालच्या कडेवर टिचकी मार. काय मोठं येतंय ते सांग.

समीर (सी-३०४): रेकॉर्डरमध्ये जाळीचा खरखराट मोठा, टिचकी जेमतेम. पण व्हिडिओ काढला तर उलटं, टिचकी मोठी.

अनघाताई (सी-१०३): म्हणजे फोनने माइक घेतलाय, पण त्याचा कॅमेरा अजून स्वतःचाच माइक वापरतोय. काही फोनच्या कॅमेऱ्यात तो बदलताच येत नाही. Open Camera नावाचं ॲप टाक, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये Audio source असतं, तिथे बाहेरचा माइक निवड आणि पुन्हा घासून बघ.

समीर (सी-३०४): आला! व्हिडिओतही जाळीच मोठी. देशपांडेकाका, ही ८५० ची पावती आणि ही ४०० ची. १५० वालं परत घेतलं नाही, ते माझ्याकडेच ठेवतो.

देशपांडेकाका (ए-१०१): मिळाल्या. ४०० चा खर्चही निधीत धरू. समीरने पदरचे घालू नयेत.

कदम (बी-४०१): स्कूटर हलली. आभार.

मालतीकाकूंची सून (ए-२०४): आई विचारताहेत, माइक पदराला लावायचा की पोलक्याला?

अनघाताई (सी-१०३): पोलक्याच्या गळ्याला, हनुवटीपासून वीतभर खाली. पदर त्यावर येऊ देऊ नका, कापड घासलं की सगळं रेकॉर्डिंग खरखरतं. मंगळसूत्रही जरा बाजूला. आणि पंखा मी स्वतः येऊन बंद करणार आहे.