मदत हवी आहे: चिल्ड वॉटरला पीआयसीव्ही बसवावेत, की आहेत तेच बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पुन्हा लावून घ्यावेत?

तळघरातला

नमस्कार मंडळी. पुण्यात एका नऊ मजली ऑफिस इमारतीचा एसी प्लँट माझ्याकडे आहे. दर मजल्याला वीस टनाचे दोन एएचयू, म्हणजे एकूण अठरा. तळघरात दोनशे टनाचे दोन चिलर, त्यांचे प्रायमरी पंप ठरावीक वेगाचे आणि सेकंडरी पंपांना व्हीएफडी. प्रत्येक एएचयूला टू-वे कंट्रोल व्हॉल्व्ह आणि हाताने लावायचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह. कमिशनिंगच्या वेळी बॅलन्सिंग झालंय, रिपोर्टही फाइलला आहे. प्रत्येक एएचयूसमोर ४८ जीपीएम, अगदी सुबक.

दुखणं असं की दुपारचा लोड १७० टनांच्या आसपास असतो. म्हणजे एक चिलर पुरायला हवा, पण पुरत नाही. एकच चालवला की वर जाणारं पाणी ७ ऐवजी साडेआठ डिग्रीपर्यंत चढतं, फोन सुरू होतात आणि ऑपरेटर दुसरा चिलर लावून मोकळा होतो. मग दोघेही चाळीस-बेचाळीस टक्क्यांवर रडतखडत चालतात. डेल्टा टी ५.५ हवा, मिळतो ३.३.

व्हेंडरचं म्हणणं, मॅन्युअल व्हॉल्व्ह व्हेरिएबल फ्लोला चालतच नाहीत, अठराही ठिकाणी पीआयसीव्ही लावा. कोटेशन बघून मालकांनी मला वर बोलावलं होतं. खरंच लावायला हवेत का?

चौथा_मजला

आमच्या सोसायटीत असंच होतं. खालच्या मजल्यांना नळाला धबधबा, वरच्यांना करंगळीएवढी धार. प्लंबरने खाली प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले आणि प्रश्न मिटला. तुम्हीही तेच करा, स्वस्तात होईल.

तळघरातला

दादा, हे नळाचं नाही, एसीचं पाणी आहे. बंद लूपमध्ये फिरतं, तिथे तो व्हॉल्व्ह चालणार नाही. पण धबधबा आणि धार हे मात्र बरोबर आहे.

स्पॅनर१३

व्हेंडर बरोबर बोलतोय. पीआयसीव्ही म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हच्या पोटात एक डायफ्रॅम. लाइनमध्ये प्रेशर कितीही वरखाली झालं तरी कंट्रोलच्या सीटवर फरक तेवढाच ठेवतो. डायल ४८ ला लावली की ४८ च्या वर थेंब जाणार नाही. बॅलन्सिंगची कटकट संपली, टीएबीवाल्याला बोलवायला नको, पंपाकडे बघायला नको. आम्ही तीन साइटना लावले, एकदम मख्खन. डेल्टा टी आपोआप येतो.

जुना_टीएबी

स्पॅनर, पहिला अर्धा भाग पटला. "पंपाकडे बघायला नको" आणि "आपोआप" हे दोन शब्द मात्र परत घ्या.

तळघरातले साहेब, आधी तुमचा हिशोब मांडू. टनाला २.४ जीपीएम धरले तर १७० टनांना ४०८ पुरतात. पण डेल्टा टी ३.३ असेल तर तेवढ्याच थंडाव्यासाठी ६८० जीपीएम फिरतायत. एका चिलरचा प्रायमरी पंप देतो ४८०. उरलेले दोनशे येतात कुठून? बायपासच्या पाइपातून, एएचयूंकडून परत आलेलं कोमट पाणी उलटं फिरून सप्लायमध्ये मिसळतं. म्हणून साडेआठ. चिलर थकलेला नाही, पाणी जास्त फिरतंय. दुपारी एकच चिलर चालू असताना त्या बायपासला हात लावून बघा, परतीच्या पाइपाइतकाच कोमट लागेल.

आता प्रश्न: सेकंडरी पंपाचा डीपी सेन्सर कुठे आहे आणि किती मीटरवर लावलाय? आणि दुपारी नवव्या मजल्याच्या एएचयूवर सप्लाय-रिटर्नमधला फरक मोजून सांगा.

तळघरातला

सेन्सर प्लँटरूममध्येच, हेडरवर. सेटपॉइंट १८ मीटर, कमिशनिंगपासून तसाच. आज तीन वाजता नवव्या मजल्यावर मॅनोमीटर लावला, साडेदहा मीटर आले. रिपोर्टात तिथे ६ मीटर लिहिलेत.

जुना_टीएबी

मिळालं. १८ मधले १२ मीटर पूर्ण फ्लोला रायझरच्या घर्षणात जायचे, वर ६ उरायचे. बॅलन्सिंग झालं ते या स्थितीत, सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह सताड उघडे ठेवून. आता फ्लो ८६४ वरून ६८० वर आला. घर्षण फ्लोच्या वर्गाने उतरतं, त्यामुळे रायझर साडेसातच खातो. पण हेडर १८ सोडत नाही. वाचलेलं सगळं प्रेशर नवव्या मजल्याच्या डोक्यावर बसतं. ६ च्या जागी साडेदहा, म्हणजे तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर ४८ ऐवजी ६३ जीपीएम. एक तृतीयांश जास्त पाणी, आणि कॉइल त्याबदल्यात फार तर सहा-सात टक्के जास्त गार करते. पाणी अर्धवट तापून परत येतं.

बॅलन्सिंग व्हॉल्व्ह बिचारा एका जागी अडकवलेला अडथळा आहे. एका फ्लोला, एका प्रेशरला तो बरोबर. बाकी वेळी त्याला काही कळत नाही. इथपर्यंत व्हेंडर खरं बोलतोय.

पण तुमची अर्धी चूक सेन्सरच्या जागेची आहे. तो नवव्या मजल्यावर नेऊन ६ मीटरला लावा. लोड उतरला की पंप स्वतः खाली येईल आणि वर कायम सहाच राहतील. व्हॉल्व्ह तेच, खर्च सेन्सर आणि वायरचा.

स्पॅनर१३

मग पहिला मजला उपाशी मरेल की! तिथले बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पिळून ठेवलेत ते १५ मीटर गृहीत धरून.

जुना_टीएबी

शाबास, ही शंका बरोबर. अर्ध्या फ्लोला हेडर ९ वर येईल, पहिल्या मजल्याला ८ च्या आसपास मिळतील. तिथल्या एएचयूने तेव्हा पूर्ण पाणी मागितलं तर पाऊणच मिळेल. पण पाऊण पाण्यात कॉइल नव्वद टक्क्यांच्या वर थंडावा देते. वर्गमूळ इथे आपल्या बाजूने आहे. ऑफिसात कुणाला कळणारही नाही. ऑपरेशन थिएटर असतं किंवा सर्व्हर रूम असती तर मी हे बोललो नसतो, सरळ पीआयसीव्ही म्हटलं असतं.

मांडवीकाठ

आमची रडकथा ऐका. पणजीजवळच्या एका हॉटेलात आम्ही एफसीयूंना पीआयसीव्ही लावले, जुन्या एमएस पाइपावरच. फ्लशिंग केलं, पण नवीन व्हॉल्व्ह लायनीत ठेवूनच केलं. दोन महिन्यांत वीसेक खोल्या गरम. ॲक्च्युएटर पूर्ण उघडा, डायल बरोबर, पाणी नाही. एक व्हॉल्व्ह खोलला तर आतल्या बारीक वाटांत तपकिरी चिखल, चहाच्या गाळासारखा. जुना ग्लोब व्हॉल्व्ह असता तर तेवढी घाण गिळून पुढे गेला असता.

त्यात मजा अशी की पीआयसीव्हीच्या टेस्ट पॉइंटवर डीपी मोजला तर भरपूर दाखवायचा. सगळे म्हणाले व्हॉल्व्ह ठीक आहे. तो डीपी फक्त एवढंच सांगतो की व्हॉल्व्हला चालायला पुरेसं प्रेशर आहे. पाणी किती जातंय ते नाही सांगत. शेवटी पाइपाला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर आणला तेव्हा चोर सापडला.

तळघरातला

बापरे. आमचेही पाइप एमएसच आहेत. स्ट्रेनर शेवटचे कधी काढले ते लॉगबुकात शोधावं लागेल.

जुना_टीएबी

मांडवीकाठ यांनी लाखाची गोष्ट सांगितली. लावायचेच झाले तर फ्लशिंगच्या वेळी व्हॉल्व्हच्या जागी तात्पुरता पाइपाचा तुकडा टाका, बारीक जाळी वापरा.

दुसरं, पीआयसीव्हीला जगायला स्वतःचं किमान प्रेशर लागतं. त्याखाली डायफ्रॅम काम सोडतो आणि तो साधा व्हॉल्व्ह होतो. तुमच्या मापाला ते अडीच-तीन मीटर निघेल, कॅटलॉगमध्ये ४८ च्या सेटिंगसमोर बघा. नवव्या मजल्याच्या ६ मीटरांत कॉइल, स्ट्रेनर आणि पाइप जाऊन उरतात किती? चार उरले तर आनंद, दोन उरले तर सेटपॉइंट वाढवावा लागेल. म्हणून म्हणतो, पंपाकडे बघावंच लागतं. आणि पंप १८ वरच ठेवला तर पीआयसीव्ही गुपचूप ते सगळं प्रेशर गिळतील. फ्लो सुधारेल, पण डोक्यावरचं प्रेशर पंपाला फुकट द्यावंच लागेल.

आणखी एक. तुमचे सगळे एएचयू ६३ घेत असले तरी डेल्टा टी साडेचारच्या खाली जात नाही. तुमचा ३.३ आहे. प्रेशरशिवाय आणखी काहीतरी गळतंय. प्रत्येक एएचयूच्या परतीच्या पाइपाचं तापमान घेत मजले चढा.

तळघरातला

दहा दिवसांनी येतोय, सॉरी. मजले चढलो. चौथ्या आणि सहाव्या मजल्यावर फ्लशिंगचा बायपास व्हॉल्व्ह अर्धा उघडा! कमिशनिंगपासून तसाच असणार, हँडलवर इन्सुलेशनचा टेप गुंडाळलेला. परतीचा पाइप हाताला सप्लायइतकाच गार. दोन्ही बंद केले. सातव्या मजल्यावर भाडेकरूने थर्मोस्टॅट १८ डिग्रीला ठेवलाय, व्हॉल्व्ह दिवसभर शंभर टक्के.

सेन्सरसाठी वर केबल ओढायला वेळ आहे, म्हणून तोवर हेडरचा सेटपॉइंट १८ वरून १४ केला. डेल्टा टी ४.२ आला. फ्लो ५३५ च्या आसपास. म्हणजे ४८० च्या वर अजून थोडा आहेच, पण सप्लाय साडेसातवर थांबतो आणि दुसरा चिलर परवापासून बंद आहे.

स्पॅनर१३

सातव्या मजल्यावर तरी पीआयसीव्ही लावा. १८ मागू दे नाहीतर १६, पाणी ४८ च मिळेल.

जुना_टीएबी

४८ च मिळेल हे खरं. पण खोलीला तेवढं नकोच असताना मिळेल, हवा आणखी गार होईल आणि पाणी तरीही गारच परत येईल. त्या भाडेकरूला बीएमएसमधून २२ च्या खाली जाऊ देऊ नका. व्हॉल्व्ह हा त्याच्यावरचा उपाय नाही.

आणि १४ मीटर कायमचे ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये सोमवारी सकाळी अठराही एएचयू उघडतील तेव्हा रायझर १२ खाईल, नवव्याला दोनच उरतील.

तळघरातला

तेच भ्या आहे. नवव्या मजल्याच्या एएचयू पॅनलमध्ये बीएमएसचा कंट्रोलर आहे, सेन्सर त्यालाच जोडला तर केबल वाचते. पण आमचं नेटवर्क महिन्यातून एकदा तरी झोपतं. पंपाला सिग्नलच आला नाही तर?

जुना_टीएबी

मग स्वतंत्र केबलच ओढा. किंवा हेडरचा जुना सेन्सर काढू नका, सिग्नल गेला की पंप त्याच्यावर १८ ला परत जाईल असं प्रोग्राम करून घ्या.

मांडवीकाठ

आमच्याकडे असंच प्रोग्राम केलं होतं. सिग्नल परत आल्यावर पंप आपोआप मूळ जागी यायला हवा, तो आला नाही. तीन आठवडे १८ वर पळत होता, कुणाच्या लक्षातही आलं नाही. अलार्म लावून घ्या.

तळघरातला

नोंद केली. मालकांना कोटेशन सहा महिने थांबवायला सांगितलंय. उन्हाळा बघतो, मग पहिल्या दोन मजल्यांपुरते लावायचे का ते ठरवू. इलेक्ट्रिशियन सोमवारी केबलचा रस्ता बघायला येतोय.